मेंढरं दगावल्यावर तेविसावं स्तोत्र: एका प्रवचनाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

1 आणि 2 डिसेंबर 2021 ला पुणे आणि नगर जिल्ह्यांत अवकाळी पाऊस झाला. पावसाबरोबर गार वारा सुटला आणि तो रात्रभर थांबला नाही. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर या पट्ट्यात हजारो शेळ्यामेंढ्या गारठून मेल्या. दिवाळी उलटून गेल्यामुळे धनगरांचे वाडे आपापली गावं सोडून बाहेर पडलेले होते. मेंढरं उघड्या रानात, जाळीच्या वाघरीत होती. छप्पर म्हणावं असं काही कुणाकडेच नव्हतं.

हे प्रकरण त्या पट्ट्यातल्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीचं आहे. गाव, माणसं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मंडळीत साधारण चाळीस घरं. बहुतेकांची दोन-चार एकर जमीन, त्यात कांदा, ज्वारी, थोडा गहू. जोडीला दोन-तीन संकरित गाई आणि पाच-सात शेळ्या. नगरकडे मराठी ख्रिस्ती मंडळ्या एकोणिसाव्या शतकापासून आहेत आणि तिथलं ख्रिस्तीपण शेतीतच वाढलेलं आहे. उपासनेला येणारा माणूस सकाळी धारा काढून, डेअरीला दूध घालून येतो, म्हणून उपासना दहाच्या आत सुरू होत नाही.

पाळक तरुण, शहरात वाढलेला, या गावी येऊन दोन वर्षं झालेला. त्याला हातात काठी घेऊन ढोर वळायची वेळ कधी आली नव्हती. लोकांना हे ठाऊक होतं आणि त्यालाही ते ठाऊक होतं. पुढे जे घडलं त्यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे.

मंडळीतल्या एका पंचाने आपल्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. वाडा एका धनगर कुटुंबाचा, मेंढरं दोनशेच्या आसपास. गुरुवारी सकाळपर्यंत त्यातली चाळीसेक गेली. गाभण मेंढ्या आणि कोकरं त्यात जास्त. मंडळीतल्या घरांच्याही मिळून दहा-बारा शेळ्या आणि एक कालवड गेली. कांद्याची रोपं पाण्यात बसली ते वेगळंच.

अडचण

रविवार होता 5 डिसेंबरचा, नाताळाआधीच्या आगमनकाळातला दुसरा. ठरलेला विषय बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा होता: ‘परमेश्वराचा मार्ग तयार करा.’ गुरुवारी संध्याकाळी त्या पंचाने पाळकाला फोन केला आणि सांगितलं, “पाळकसाहेब, या रविवारी तेविसावं स्तोत्र घ्या. लोकांना धीर वाटेल.”

मागणी साधी वाटते. तेविसावं स्तोत्र आपल्याकडे बारशापासून मातीपर्यंत सगळीकडे म्हटलं जातं, पोरांना ते पाठ असतं. पण या आठवड्यात ते वाचायचं म्हणजे ज्याची चाळीस मेंढरं रात्रीत गेली त्याच्या शेजाऱ्यासमोर ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ म्हणायचं. शहरातल्या मंडळीत हे स्तोत्र चित्रासारखं ऐकलं जातं. इथे ऐकणारे या धंद्यातले जाणते लोक होते आणि बोलणारा अडाणी.

दुसरी अडचण पाळकाच्या लक्षात यायला शुक्रवार उजाडला. स्तोत्र म्हणताना आपण सगळे मेंढराच्या जागी उभे राहतो. मेंढपाळ मात्र हे स्तोत्र मेंढपाळाच्या जागेवरून ऐकतो. कळप राखणं हे काय काम आहे ते त्याला माहीत असतं आणि म्हणून त्याचा पहिला प्रश्न असतो: राखणदार होता, मग त्या रात्री कुठे होता?

कोणते पर्याय होते

पाळकाने चार पर्याय वहीत मांडले होते. पहिला, योहानाचं प्रवचन तसंच ठेवायचं आणि प्रार्थनेत नुकसानीचा उल्लेख करायचा. हे सोपं होतं, पण त्या दिवशी कुणीही योहानाचं ऐकलं नसतं.

दुसरा हबक्कूकचा तिसरा अध्याय. त्यात मेंढवाड्यातले कळप नाहीसे झाले आणि गोठ्यात गुरं उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असं संदेष्टा म्हणतो. प्रसंगाला हा उतारा सगळ्यात नेमका बसतो. पाळकाने तो बाजूला ठेवला आणि माझ्या मते बरोबर केलं. तो ‘तरी’ हबक्कूकने स्वतः म्हटला आहे, दुसऱ्याने त्याला म्हणायला लावलेला नाही. मेलेली जनावरं अजून रानात पडलेली असताना पाळकाने लोकांच्या तोंडी आनंद घालणं वेगळं.

तिसरा पर्याय ईयोब. ईयोबाची सात हजार मेंढरं पहिल्याच अध्यायात आकाशातून पडलेल्या आगीत जातात. पण त्या पुस्तकाला बेचाळीस अध्याय लागतात आणि वीस मिनिटांच्या प्रवचनात माणूस हमखास शेवटच्या अध्यायाकडे, दुप्पट मिळालेल्या मेंढरांकडे धावतो. दुप्पट मिळेल असं सूचित करणं हे त्या आठवड्यात खोटं आश्वासन ठरलं असतं.

चौथा पर्याय, लोकांनी मागितलेलं स्तोत्रच घ्यायचं. लोक जे मागतात त्यात त्यांना काय हवंय हे असतं, म्हणून त्याचा कल इकडे झाला. पण घ्यायचं कसं, हे अजून ठरत नव्हतं. त्याच्याकडे या स्तोत्रावरचं जुनं टिपण होतं आणि त्यात जगभर फिरणाऱ्या गोष्टी होत्या: मेंढरू मूर्ख असतं; भरकटणाऱ्या कोकराचा पाय मेंढपाळ मुद्दाम मोडतो आणि मग त्याला खांद्यावर वाहतो, म्हणजे ते कायमचं त्याच्याजवळ राहतं.

शुक्रवारची भेट

शुक्रवारी दुपारी तो त्या पंचाबरोबर वाड्यावर गेला. धनगर कुटुंब ख्रिस्ती नव्हतं. त्यामुळे जाण्यापूर्वी दोघांनी एक गोष्ट पक्की केली: तिथे प्रार्थना, वचन, पत्रक काहीच करायचं नाही. दुःखात सापडलेल्या माणसापुढे असं काही केलं तर त्याचा अर्थ काय लागतो हे सांगायला नको. बरोबर दोन ताडपत्र्या, मंडळीतल्या घरांतून गोळा केलेला कडबा आणि भाकरी नेल्या. पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन आधीच केला होता, कारण अशा गारठ्यानंतर वाचलेल्या मेंढरांत न्यूमोनिया सुरू होतो आणि दुसरी लाट तिसऱ्या-चौथ्या दिवशी येते.

वाड्यातल्या म्हाताऱ्याने जे सांगितलं ते पाळकाने घरी येऊन लिहून ठेवलं. थोडक्यात असं. लोकर भिजली की मेंढरू जड होतं. वारा लागला की थरथरतं. मग एकमेकांवर चढतात, तळाची चेंगरतात. काही नुसती खाली बसतात. “भिजलेलं मेंढरू बसलं की गेलंच समजा. उठवायचं, हाकलायचं, परत उठवायचं. रातभर तेच केलं. किती उठवणार?” बायकांनी घोंगड्या स्वतःच्या अंगावरच्या काढून कोकरांवर टाकल्या. शेकोटीला लाकूड होतं, पण सगळं ओलं. नुकती कातरणी झालेल्यांचं सगळ्यात वाईट झालं.

पाळकाने भीत भीत पाय मोडण्याची गोष्ट विचारली. म्हाताऱ्याला आधी ती नीट कळलीच नाही. कळली तेव्हा तो म्हणाला, “पाय मोडलेलं मेंढरू घेऊन रोज दहा-बारा किलोमीटर कोण चालणार?” विषय संपला. ही गोष्ट पवित्र शास्त्रात कुठेही नाही हेही इथे सांगायला हवं. मूर्खपणाचं म्हणाल तर म्हाताऱ्याच्या मते मेंढरू माणूस बरोबर ओळखतं; दुसऱ्या वाड्याच्या मेंढरांत मिसळलं तरी हाकेला आपल्या धन्याकडे येतं. जुन्या टिपणातली दोन पानं तिथेच गळाली.

निघताना पाळकाने विचारलं, तुम्ही सांगितलेलं रविवारी आमच्या लोकांना सांगितलं तर चालेल का. म्हातारा म्हणाला, सांगा की, पण नाव नको. पंचनामा अजून व्हायचा होता आणि मेलेली मेंढरं तशीच ठेवली होती, कारण पुरावा नसला तर मदत मिळत नाही. त्या काळी लागू असलेल्या केंद्राच्या आपत्ती निकषांत शेळी-मेंढीला 3,000 रुपये आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त 30 लहान जनावरांपर्यंत अशी मर्यादा होती. चाळीस गेली तरी मोजणी तिसाला थांबणार. बाजारात मोठ्या मेंढीचे याच्या कितीतरी पट होतात.

प्रवचन कसं बांधलं

शनिवारी त्याने स्तोत्र पुन्हा वाचलं आणि पहिला निर्णय घेतला: ‘हिरवे कुरण’ इथे थांबायचं नाही. सहसा प्रवचनाचा निम्मा वेळ कुरण आणि संथ पाणी यांत जातो. त्याने ते दोन मिनिटांत आटोपलं, पण त्या दोन मिनिटांत एक उपयोगी गोष्ट सांगितली. स्तोत्र दावीदाचं, आणि दावीद बेथलेहेमचा. बेथलेहेमच्या पूर्वेला डोंगर उतरत जातात ते यहूदाचं रान, पर्जन्यछायेचा कोरडा भाग. पाऊस फक्त हिवाळ्यात, गवत दोन-तीन महिने आणि तेही खडकाखडकांतून चार काड्या. त्या मुलखात हिरवं कुरण म्हणजे मेंढपाळाने आज चालून शोधलेली जागा, उद्या दुसरी. पारनेरच्या माळावर वाढलेल्या लोकांना हे समजावून सांगावं लागलं नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत तेही तसेच जगतात.

दुसरा निर्णय अवघड होता. ‘तो मला हिरव्यागार कुरणात बसवतो’ हे वाचायचं, तर समोरच्या माणसांच्या डोळ्यांसमोर त्या रात्री बसलेलं मेंढरू येणार. टाळायचं की बोलायचं? त्याने बोलायचं ठरवलं. म्हाताऱ्याचं वाक्य जसंच्या तसं, नाव न घेता सांगितलं आणि म्हणाला की या आठवड्यात हे वचन मला स्वतःला घशाखाली उतरत नाही. मंडळीत शांतता झाली. माझ्या मते प्रवचनाला लोकांचे कान तिथे मिळाले.

मग तो चौथ्या वचनावर आला आणि उरलेला सगळा वेळ तिथेच राहिला. स्तोत्राच्या पहिल्या तीन वचनांत दावीद देवाबद्दल बोलतो, लोकांना सांगतो. मृत्युछायेच्या दरीत शिरल्यावर तो लोकांकडे पाठ फिरवतो आणि देवाशीच बोलायला लागतो: ‘तू माझ्याबरोबर आहेस.’ दरी टळली असं स्तोत्र म्हणत नाही. वाटच दरीतून जाते. यहूदाच्या रानात एका चराईहून दुसरीकडे जायचं तर घळीतूनच जावं लागतं. वर डोंगरात पाऊस झाला की त्याच घळींना अचानक लोंढा येतो आणि लांडगे, तरस यांची दबून बसायची जागाही तीच.

इथे त्याने उत्पत्तीच्या एकतिसाव्या अध्यायातून याकोबाला आणलं. वीस वर्षं लाबानाची मेंढरं राखून याकोब हिशेब मांडतो: दिवसा उन्हाने आणि रात्री थंडीने मी झिजलो, डोळ्याला डोळा लागला नाही, जनावरांनी फाडलेलं मेंढरू तुझ्याकडे आणलं नाही, ते नुकसान मी भरलं. आणि आमोसातलं ते एक वचन: मेंढपाळ सिंहाच्या तोंडातून दोन तंगड्या किंवा कानाचा तुकडा ओढून काढतो. तो तुकडा कशासाठी? निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात नियम आहे की राखायला दिलेलं जनावर फाडलं गेलं तर राखणाऱ्याने पुरावा आणून दाखवावा, मग भरपाई मागू नये. म्हणजे पंचनामा. मागच्या बाकांवर काही जण हसले, आणि त्या आठवड्यात हसण्यासारखं दुसरं काही झालं नव्हतं.

यावरून त्याने मुद्दा काढला तो असा: शास्त्राला मेंढपाळ हरलेला माहीत आहे. जागा राहिलेला, हाकलत राहिलेला, तरी मेंढरं गमावलेला. ‘राखणदार कुठे होता’ या प्रश्नाला त्याने उत्तर दिलं नाही. बुधवारी रात्री या शिवारात जो राखणदार मी ऐकला तो भिजत मेंढरं उठवत होता, एवढंच म्हणाला, आणि मग चौथं वचन सगळ्यांकडून दोनदा म्हणून घेतलं. पाचव्या-सहाव्या वचनांवर, शत्रूंदेखत वाढलेलं ताट आणि काठोकाठ भरलेलं पात्र यांवर, तो बोललाच नाही. प्रवचन अठरा-वीस मिनिटांत संपलं. नंतर मोकळी प्रार्थना ठेवली, ज्यात लोकांनी आपापल्या गेलेल्या जनावरांची नावं घेतली. गाईंना नावं असतात, शेळ्यांनाही. एका म्हातारीने शेळीचं नाव घेतलं आणि पुढे बोलू शकली नाही.

काय झालं

धीर मिळाला का, हे मोजायची सोय नाही. जे दिसलं ते सांगतो. उपासनेनंतर लोक नेहमीसारखे लगेच पांगले नाहीत. ज्यांच्या शेळ्या गेल्या होत्या त्या घरांतले पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे एकत्र जायचं तिथेच ठरवून मोकळे झाले. वाड्यासाठी आणखी कडबा निघाला. धनगराचा मुलगा तो न्यायला आला होता, ओसरीत उभा राहून त्याने शेवटची पाच-सात मिनिटं ऐकली, आणि जाताना पंचाला म्हणाला, “तुमच्या पोथीतले पण मेंढकेच का?” पाळकाने त्यावर काही पुढे नेलं नाही.

विरोधही झाला. मंडळीतल्या ज्येष्ठ पंचाने सोमवारी येऊन तोंडावर विचारलं, “देव भिजत उभा होता म्हणजे काय? तो पाऊस थांबवू शकत नव्हता का? हतबल देव सांगून लोकांना धीर मिळतो?” पाळकाने सांगितलं की ‘कसल्याही अरिष्टाला भिणार नाही’ असं वचन आहे, अरिष्ट येणारच नाही असं नाही. पंचाचं समाधान झालं नाही. मला पंचाचा आक्षेप हलका वाटत नाही. दुःखी माणसाजवळ बसणारा देव सांगताना वाऱ्या-पावसाचा धनी असलेला देव हातातून निसटतो, आणि शेतकऱ्याला दोन्ही लागतात, कारण पुढच्या पेरणीला तो पावसासाठीच प्रार्थना करणार असतो. पाचवं वचन सोडल्याने हा तोल आणखी ढळला. काठोकाठ भरलेलं पात्र त्या दिवशी खुपलं असतं हे खरं. पण शत्रू समोर उभे असतानाच ताट वाढलं जातं, ते पळून गेल्यावर नव्हे, एवढं एक वाक्य बोलता आलं असतं.

दुसरी तक्रार कांदेवाल्यांची. एक जण म्हणाला, “सगळं मेंढराचं झालं. माझं रोप सडलं त्याचं काय?” तक्रार रास्त होती, आणि तिच्यात या स्तोत्राची मर्यादा दिसते. मेंढपाळाचं स्तोत्र चालणाऱ्या माणसाचं आहे. तिथला धीर पुढे नेण्यात आहे: इथलं गवत संपलं, चला, दरी आली, चला. वाड्याला हे लागू पडतं, म्हातारा पंचनामा झाल्यावर तीनच दिवसांत उरलेली मेंढरं घेऊन हललाही. शेतकरी हलू शकत नाही. त्याचं रान तिथेच, पाणी साचलंय तिथेच, सोसायटीचं कर्ज तिथेच. त्याला ‘मी तुला पुढे नेतो’ म्हणून काय उपयोग? त्याला तिथेच उभं राहून दुबार रोप टाकायचंय, आणि डिसेंबरात बी मिळेल का, मिळालं तर लागवड किती मागे जाईल, ही त्याची दरी.

वेगळं काय करता आलं असतं

दोन वाचनं घेता आली असती. योएलच्या पहिल्या अध्यायात शेत आणि कळप एकाच विलापात येतात: गहू आणि जव गेले म्हणून शेतकऱ्यांना रडायला सांगितलं आहे आणि पुढे सातच वचनांवर गुरं हंबरतात, मेंढरांचे कळपही हाल सोसतात. तिथे आनंद करा असं कुणी सांगत नाही, आधी रडा असं सांगितलं आहे. योएल वाचून, कांदेवाल्याला आणि शेळीवाल्याला एका ओळीत बसवून, मग तेविसावं स्तोत्र म्हटलं असतं तर स्तोत्रावर सगळ्यांचा भार एकट्याने पडला नसता.

वाड्यावर न बोलण्याचा निर्णय मला पूर्ण पटतो. पण प्रवचनात म्हाताऱ्याचं वाक्य वापरण्याबद्दल माझ्या मनात थोडी शंका आहे. त्याने परवानगी दिली होती, नावही घेतलं नाही. तरी शिवारात वाडा एकच होता, सगळ्यांना कळलं. पंचनाम्याच्या आधी कुणाच्या नुकसानीची चर्चा जाहीर होणं त्या कुटुंबाला अडचणीचं ठरू शकलं असतं. दोन रविवार थांबून वाडा पुढे गेल्यावर तेच वाक्य वापरता आलं असतं, किंवा मंडळीतल्याच शेळीवाल्या बाईला विचारता आलं असतं. तिचाही अनुभव तोच होता.

आणि पाठपुरावा. प्रवचन झालं, कडबा गेला, पण मंडळीतल्या तीन घरांचे अर्ज कागद अपुरे म्हणून रखडले, ते जानेवारीच्या मध्यावर कळलं. शेळ्या शवविच्छेदनाआधीच पुरल्या होत्या. गुरुवारी फोन झाला त्याच वेळी ‘पुरू नका, आधी डॉक्टर आणि तलाठी येऊ द्या, मोबाईलवर फोटो काढून ठेवा’ हा निरोप घरोघरी गेला असता तर ती घरंही यादीत बसली असती. पाळकाने आता पंचांच्या वहीत पहिल्या पानावर पशुवैद्यकीय दवाखान्याचा आणि तलाठ्याचा नंबर लिहून ठेवला आहे, आणि आगमनकाळ जवळ आला की कातरणी कुणाकुणाची व्हायची आहे तेही तो विचारून घेतो.